उद्या माझं काम कितीला?

2023 च्या नाटकाच्या तालमी चालू होत्या तेव्हाची गोष्ट. सिस्टर त्या दिवशी साडेसातला पाच मिनिटं असतानाच आल्या. सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपवून थेट आलेल्या. पायात ड्युटीच्या पांढऱ्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत रिकामा डबा आणि घडी केलेला युनिफॉर्म. शाळेच्या हॉलमध्ये सुविचाराच्या फळ्याखाली एक निळी प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर त्या बसल्या. दिग्दर्शक काका पहिल्या अंकातल्या एका दारापाशी अडले होते. दार आत उघडतं की बाहेर, यावर तासभर गेला. मग चहा आला. मग थोरल्या भावाचं काम करणाऱ्यानं एक वाक्य चौदा तऱ्हांनी म्हणून पाहिलं, आणि चौदावी तऱ्हा पहिलीसारखीच निघाली. दहा वाजून पाच मिनिटांनी शिपायानं किल्ल्या वाजवल्या. सिस्टर उठल्या, खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, उद्या माझं काम असेल ना?"

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तोच जास्त लागला. अडीच तास बसवून ठेवलेला माणूस चिडला तर आपल्याला निदान समजूत काढता येते. मी म्हणाले, "हो हो, उद्या पहिलं तुमचंच." दुसऱ्या दिवशी त्यांचं काम नऊ वाजता निघालं.

मी शाळेत गणित शिकवते आणि दर जूनला शाळेचं वेळापत्रक करते. बावीस शिक्षक, सोळा तुकड्या, एक प्रयोगशाळा, पीटीच्या सरांची गुडघेदुखी, सगळं मी एका फुलस्केप कागदावर बसवते आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. तरी त्याच हॉलमध्ये, माझ्याच डोळ्यांसमोर, एक बाई अडीच तास फुकट बसली आणि मला ते खटकायला रात्रीचे अकरा वाजले. गादीवर पडल्यावर लक्षात आलं की नाटकाला आम्ही वेळापत्रक करतच नाही. आम्ही फक्त एक वेळ सांगतो. "साडेसात. सगळ्यांनी." एवढंच आमचं नियोजन, आणि वर्षानुवर्षं तेच.

म्हणून 2024 ला मी काकांना म्हटलं, या खेपेला तालमीचा कागद मी करते. काका निवृत्त पोस्टमास्तर; हौशी रंगभूमीवर त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. ते म्हणाले, "बाई, शाळेत मुलांना बाकावर बसवता येतं. इथं कुणाला पगार देतो आपण?" मुद्दा बरोबर होता. शाळेच्या वेळापत्रकात माणूस हजर असतो, त्याला कुठं पाठवायचं एवढंच आपण ठरवतो. इथं माणूस कधी हजर असेल हेच आधी शोधायचं. पण पगार देत नाही म्हणूनच त्याचा वेळ जपायला हवा, असं मला वाटत होतं. तसं मी बोलले नाही. काकांपुढे मुद्दे मांडायचे नसतात, कागद ठेवायचा असतो.

नाट्यगृहाची तारीख मिळाली 30 नोव्हेंबर, शनिवार. मागे मोजत गेले तर आठ आठवडे, म्हणजे 7 ऑक्टोबरचा सोमवार. सोम, मंगळ, गुरू, शुक्र संध्याकाळी साडेसात ते दहा, आणि रविवारी सकाळी दहा ते दोन. बत्तीस संध्याकाळी आणि सात रविवार मिळून 108 तास. नाटक एक तास पन्नास मिनिटांचं. कागदावर ही चैन होती. मग मी दिनदर्शिका शेजारी घेतली. 28 ऑक्टोबरला वसुबारस आणि 3 नोव्हेंबरच्या रविवारी भाऊबीज, म्हणजे चौथा आठवडा अख्खा गेला, चौदा तास. 5 नोव्हेंबर मंगळवारी आला होता, आणि रंगभूमी दिनाच्या संध्याकाळी सांगलीत तालीम लावायची म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात हॉटेलचं उद्घाटन करण्यासारखं. ती संध्याकाळ गेली. उरले साडेएक्याण्णव.

त्यानंतर मी मागल्या वर्षीची हजेरीची वही काढली. सवयीनं मी तालीम प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ कोपऱ्यात लिहीत असे. आठ दहा, आठ पाच, सात पन्नास, आठ वीस. सरासरी काढली तर रोजचा उशीर पस्तीस मिनिटं. उरलेल्या सत्तावीस संध्याकाळींना पस्तिसानं गुणलं आणि आकडा दोनदा तपासला. पावणेसोळा तास. दिवाळीनं आमचे चौदा तास खाल्ले होते, आणि "आलो, निघालोच आहे" या वाक्यानं पावणेसोळा. दिवाळीला आम्ही दरवर्षी दोष देतो. या दुसऱ्या चोराचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

हाताशी राहिले शहात्तर तास. नाटकाच्या एका मिनिटाला साधारण चाळीस मिनिटं तालीम. हौशी लोकांसाठी हे वाईट नाही, पण त्यात एकही मिनिट दाराच्या दिशेवर घालवायला नाही.

यानंतरचं काम मला शाळेत फार आवडतं, ते म्हणजे तुकडे पाडणं. नाटकात अकरा प्रवेश होते, पण प्रवेश हे माप तालमीच्या कामाचं नाही. एका प्रवेशात आई आणि थोरला बोलत असतात, मग धाकटी सून चहा घेऊन येते, मग शेजारी डोकावतो, मग आई उठून आत जाते. प्रवेश एकच, पण कुणी आलं किंवा गेलं की रंगमंचावरचा माणसांचा संच बदलतो. तिथं रेघ मारायची. मी संहिता घेऊन पेन्सिलीनं अशा रेघा मारत गेले आणि अकरा प्रवेशांचे तेवीस तुकडे झाले. काही नऊ मिनिटांचे, काही दीड मिनिटाचे. आडवे तेवीस रकाने, उभी आठ नावं, आणि ज्याचं काम असेल तो चौकोन काळा. कागद पूर्ण झाला तेव्हा मी तो हातभर लांब धरून पाहिला. आठही चौकोन काळे असलेले रकाने होते फक्त तीन. सिस्टरांचे काळे चौकोन नऊ. म्हणजे सगळ्यांना साडेसातला बोलावलं की सिस्टरांनी चौदा तुकडे त्या निळ्या खुर्चीतून पाहायचे. मागल्या वर्षीचं नाटक वेगळं होतं, पण हिशेब काही फार वेगळा नसणार.

काकांना हा कागद दाखवला. ते चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तर विणकामाचं डिझाइन दिसतंय."

आता माणसांकडे जायचं. इथं मी एक चूक आधी करून चुकले होते. पूर्वी कधीतरी मी सगळ्यांना विचारलं होतं, "तुम्हाला कधी जमेल?" आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं, "कधीही." नाटकाच्या उत्साहात प्रत्येकाला कधीही जमतं. म्हणून या वेळी प्रश्न उलटा केला. कधी जमणार नाही? आणि तेही तोंडी नको, तुमच्या कामावरचा जो काही ड्युटीचा कागद असतो तो दाखवा. तेव्हा खरी माणसं पुढं आली. थोरला भाऊ हळदीच्या पेढीवर हिशेबनीस; त्याचा हंगाम वसंतात, त्यामुळे ऑक्टोबरात तो राजा. धाकटी सून बँकेत. दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा. मुलाचं काम करणारा पोरगा सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा. ऑडिटची मुदत वाढून 7 ऑक्टोबर झाली होती, त्याआधी त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. घर विकत घ्यायला येणारा एजंट म्हणजे आमचे मेडिकलवाले. दुकान रात्री दहाला बंद, म्हणून त्यांचं सगळं काम रविवारी. शेजारी हा एसटीत कंडक्टर. त्याला मुक्कामी गाडी लागली की तो रात्री दुसऱ्याच गावात झोपलेला असतो, आणि दिवाळीत जादा गाड्या सुटतात तेव्हा त्याची रजा मागणं हा विनोद. आईचं काम करणाऱ्या काकूंना नऊला घरी पोचायचं असतं, कारण यजमानांच्या गोळ्या जेवणानंतरच्या आणि जेवण त्यांच्या हातचं.

खरा गुंता दोघांचा होता. धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत आहे. त्याच्या शिफ्टा दर सोमवारी बदलतात. फर्स्टला असला तर तो संध्याकाळी येतो, पण पहाटे पाचला उठलेला असल्यानं नऊनंतर त्याचे डोळे मिटायला लागतात. थर्डला असला तर ताजातवाना, पण दहाला निघावंच लागतं. सेकंडला असला, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा, तर तो आठवडा आमच्यासाठी संपला. आणि सिस्टर. सकाळपाळी असली तर उत्तम, दुपारपाळी असली तर साडेआठला पोचतात, रात्रपाळी असली तर नाहीच. त्यांचा ड्युटी चार्ट महिन्याचा महिन्याला लागतो, त्यामुळे ऑक्टोबरचा हातात होता, नोव्हेंबरचा देवाच्या हातात.

या दोघांचं, दीर-भावजयीचं, दुसऱ्या अंकात एक भांडण आहे. नऊ मिनिटांचं. 2019 च्या पुराची खूण भिंतीवर राहिलेली असते, ती रंगवून टाकायची की तशीच ठेवायची यावरून सुरू होतं आणि कुणी कुणासाठी काय सोसलं इथपर्यंत जातं. नाटकाचा जीव तिथं आहे. मी दोघांचे कागद एकावर एक ठेवले. पहिला आठवडा: तो फर्स्टला, त्या दुपारपाळीला, म्हणजे साडेआठ ते दहा मिळतात. दुसरा: तो सेकंडला. तिसरा: त्या रात्रपाळीला. चौथा: दिवाळी. ऑक्टोबरात आठवड्याच्या संध्याकाळी दोघं एकमेकांना भेटणार होते ते फक्त पहिल्या चार दिवशी, आणि तेही तो अर्धा झोपेत असताना.

काकांचा शिरस्ता असा की पहिला आठवडा वाचन, मग पहिला अंक पहिल्यापासून बसवायचा, तो घट्ट झाला की दुसऱ्याला हात लावायचा. मी म्हटलं, काका, या हिशेबानं भांडण नोव्हेंबरच्या मध्यावर उभं राहणार, प्रयोगाच्या दोन आठवडे आधी. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शेवट आधी शिकवायचा?" मी म्हटलं, गणितात कधीकधी उत्तर आधी दाखवावं लागतं. हे काही फार खरं नाही, पण चालून गेलं. सोमवारी नारळ फुटला, साडेसात ते साडेआठ बाकीच्यांचं वाचन झालं, आणि साडेआठला सिस्टर दारात आल्या तेव्हा मी कागदावर बोट ठेवून म्हटलं, "तुकडा सतरा. तुमचं काम." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग निळ्या खुर्चीकडे. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मात्र त्याच आठवड्यात मला दिसलं की शेवटच्या आठवड्यात, 25 नोव्हेंबरपासून, धाकट्याची शिफ्ट सेकंड पडत होती. प्रयोगाच्या आदल्या चार संध्याकाळी तो कारखान्यात. हे आम्ही नोव्हेंबरात शोधलं असतं तर धावाधाव झाली असती. सात आठवडे आधी दिसल्यानं त्यानं सहकाऱ्याशी अदलाबदल करून घेतली. "सातव्याची फर्स्ट त्याला दिली बाई, त्याची सेकंड माझ्याकडं. आता आठव्याला फर्स्टला हाय मी." म्हणजे सातवा आठवडा मी स्वतःहून सोडला. त्याचा उपयोग पुढं निराळ्याच कारणानं होणार होता.

पाठांतराच्या तारखेवरून काकांशी पुन्हा जुंपली. त्यांचं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत पाठ करा, 4 तारखेला बिनकागदाचे या. मी इतकी वर्षं मुलांना दिवाळीचा अभ्यास देत आले आहे. दिवाळीत कुणी काही पाठ करत नाही. संहिता चकलीच्या डब्याखाली सापडते आणि तिच्यावर तेलाचा गोल डाग असतो. पहिला अंक सुट्टीच्या आधी, 25 ऑक्टोबरला, हातात कागद न घेता व्हायलाच हवा, असं मी धरून बसले. उठता-बसता, हालचालींसकट एकदा अंगात बसलेलं वाक्य आठ दिवसांच्या खंडानंतरही बऱ्यापैकी परत येतं. नुसतं वाचून आलेलं वाक्य फराळाबरोबर जातं. आणि दिवाळीनंतरचा पहिला दिवस नवीन कामाला ठेवायचा नाही. त्या दिवशी पहिला अंक सलग करायचा आणि तो मोडणार हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. 4 नोव्हेंबरला तो अकरा ठिकाणी मोडला. मी जागा लिहून घेतल्या. गंमत अशी की त्यातल्या आठ जागी वाक्य येत होतं, पाय अडत होते. माणूस बोलताना थांबला की आपण म्हणतो पाठ नाही. पण तो वाक्याच्या आधी जमिनीकडे पाहत असेल तर त्याला हालचाल आठवत नाहीये, आणि वर किंवा दूर कुठेतरी पाहत असेल तर शब्द. हे एकदा कळलं की प्रॉम्प्टरनं ओरडायचं की आपण उठून नुसतं त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहायचं, ते ठरवता येतं.

हालचालींची वही हे माझं दुसरं काम. कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी दुसरं कुणीतरी प्रॉक्सी उभं राहतं, आणि खरी भीती तिथं असते. प्रॉक्सीला चुकायची लाज नसते, त्यामुळे तो कुठंही उभा राहतो. समोरचा नट त्या जागेची सवय करून घेतो, आणि मूळ माणूस परत आला की दोघं एकमेकांवर आदळतात. कंडक्टर मुक्कामी गेला त्या दोन दिवशी हेच झालं. त्यानंतर मी नियम केला की प्रॉक्सीनं उभं राहायचं ते माझ्या वहीतल्या बाणावर, स्वतःच्या प्रतिभेवर नाही. आणि परतलेल्या माणसाला पुढच्या तालमीच्या आधी पंधरा मिनिटं वही दाखवायची.

उशिराच्या पस्तीस मिनिटांवर दंडाची कल्पना कुणीतरी काढली होती, प्रत्येकी पन्नास रुपये. मला ती आवडली नाही. ओव्हरटाइम सोडून येणाऱ्याकडून पन्नास रुपये घ्यायचे कुठल्या तोंडानं? मी वहीत पाहिलं, वेळेवर कोण येतं? काकू आणि कंडक्टर. एकीला लवकर जायचं असतं, दुसऱ्याला वेळेची आयुष्यभराची सवय. या दोघांचे एकत्र दोन तुकडे होते आणि काकूंचे थोरल्याबरोबर तीन. साडेसातला हेच. काका दोन माणसांवरही तालीम सुरू करायला लागले. आठवडाभरात बाकीचे दारातून येताना आत संवाद चालू असलेले ऐकू लागले, आणि चालू तालमीत चपला वाजवत शिरायची लाज आपोआप वाटायला लागली. उशीर पंधरा मिनिटांवर आला. पूर्ण गेला नाही. सांगलीत तो पूर्ण गेला असता तर मलाच चुकल्यासारखं झालं असतं.

15 ऑक्टोबरला विधानसभेची तारीख जाहीर झाली. 20 नोव्हेंबर.

सातवा आठवडा. मी शिक्षिका, म्हणजे ड्युटी येणारच. पत्र आलं, दोन प्रशिक्षणं, त्यातलं एक नेमकं रविवारी. बँकेतल्या धाकट्या सुनेलाही ड्युटी लागली. मतदान पथकं पोचवायला एसटी घेतल्या, त्यामुळे कंडक्टर गेला. आणि ज्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तालीम करत होतो तिथंच मतदान केंद्र, म्हणून सोमवारपासून हॉलही नाही. मी स्वयंपाकघरात कागद पसरून बसले आणि खोडरबरानं सातवा आठवडा पुसताना कागद फाटला. पण धाकट्याचा तो आठवडा आधीच सेकंडला सोडलेला होता. एवढं एकच बरं झालं की सगळे खड्डे एकाच ठिकाणी पडले. सोमवार-मंगळवार सोडून दिले. गुरुवारी आणि शुक्रवारी हळदीच्या गोदामात थोरल्यानं जागा मिळवून दिली. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये वीस फुटांची वाट, वर एकच पिवळा दिवा, आणि पाय आपटला की धूळ उडायची. काकूंना सारख्या शिंका. घरी गेल्यावर सगळ्यांचे तळवे पिवळे. रविवार 24 तारखेला नऊ ते सहा, दोन सलग तालमी, मध्ये झुणका-भाकर.

पण सगळं काही कागदानं साधलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाचव्या आठवड्याच्या अखेरीला, 10 नोव्हेंबरच्या रविवारी, पहिल्यांदा सगळे आठ एकत्र उभे राहिले आणि दुसऱ्या अंकाचा शेवट केला. वाक्यं येत होती. हालचाली चुकत नव्हत्या. तरी काका मध्येच थांबले आणि म्हणाले, "बाई, हे घर वाटत नाही. एसटी स्टँड वाटतंय." मला राग आला, कारण ते खरं होतं. मी प्रत्येकाला त्याच्या तुकड्यापुरतं बोलावलं होतं. थोरला आणि सिस्टर नाटकात नवरा-बायको, वीस वर्षांचा संसार. पाच आठवड्यांत त्यांनी एकमेकांबरोबर चहासुद्धा प्यायला नव्हता. त्यांचे तुकडे मी संपवून त्यांना वेळेत घरी पाठवत होते. मेडिकलवाल्यांना धाकट्या सुनेचं खरं नाव ठाऊक नव्हतं. मागल्या वर्षी दाराच्या दिशेवर घातलेल्या त्या तासात बाकीचे सहा जण कोपऱ्यात बसून शेंगदाणे खात एकमेकांच्या घरच्या भानगडी सांगत होते, आणि तो सगळा वेळ मी वाया गेला म्हणून मोजला होता.

त्या रात्री मी शहात्तर तासांतून अडीच तास काढले. गुरुवार 14 तारीख, सगळे साडेसातला, काम काही नाही. चौकोनात काय लिहावं कळेना, म्हणून "चहा" लिहिलं. धाकटा त्या आठवड्यात थर्डला होता, सिस्टरांना नशिबानं सकाळपाळी. त्या संध्याकाळी संवाद एकदा बसून भराभर म्हटले, अभिनय न करता, वीस मिनिटांत एक अंक. मग कंडक्टरनं मुक्कामी गाडीतली एक गोष्ट सांगितली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. सिस्टर हसून हसून खोकल्या आणि थोरल्यानं उठून त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी पुढं नाटकात आलं. काकांनी ठेवलं.

28 तारखेला रंगीत तालीम झाली. 29 ला फक्त बसून संवाद, नऊला सगळे घरी. 30 ला सकाळी नाट्यगृहात शिरलो आणि अपेक्षित घोळ झाला: आमचा हॉल रंगमंचाहून आठेक फूट अरुंद, त्यामुळे एक्झिट घेताना वाक्य संपायचं आणि विंग अजून तीन पावलं लांब असायची. दिवे लागेपर्यंत सगळ्यांना तीन-तीन वेळा नुसतं चालवलं. प्रयोग झाला. नऊ मिनिटांचं भांडण दहा मिनिटं चाललं, कारण धाकटा एका जागी थांबला, वर पाहत. शब्द गेला होता. सिस्टरांनी भिंतीवरच्या पुराच्या रेघेवर बोट ठेवलं आणि नुसतं उभ्या राहिल्या. तो परत आला. लोकांना वाटलं तसंच बसवलंय.

रात्री साडेअकराला नेपथ्य उतरवत होतो. फळ्या टेम्पोत जात होत्या. सिस्टर विंगेत खाली बसून वाकडे खिळे एका डब्यात गोळा करत होत्या. चेहऱ्यावरचा रंग अर्धाच पुसलेला, पायात पुन्हा त्या पांढऱ्या चपला. मी जवळून जाताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, उद्या माझं काम कितीला?"

माझ्या हातात वही होतीच. सवयीनं मी पान उलटलं. 1 डिसेंबर, रविवार. चौकोन पांढरा.

"उद्या काही नाही, सिस्टर."

"हो की," त्या म्हणाल्या आणि पुढचा खिळा उचलला.